उशिरा घ्या, तर खर्च वाढतो

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे २०२५-२६च्या बजेटची शेवटची बैठक होती. चाकणजवळचा आमचा कारखाना, सुटे भाग बनवणारा. त्या वर्षी डिझाइन विभाग वाढवायचा ठरला होता आणि २४ माणसं नव्याने घ्यायची होती: वर्षाला १८ लाखांचे ६ सीनियर, ९ लाखांचे १० इंजिनीअर आणि ४ लाख ८० हजारांचे ८ ट्रेनी. सगळ्यांचा वर्षाचा सीटीसी २ कोटी ३६ लाख ४० हजार होतो. पण सगळे काही १ एप्रिलला दारात उभे राहत नाहीत. म्हणून कोण कधी येणार ते धरून खर्च महिन्यांवर पसरवायचा असतो, आणि ते काम माझ्याकडे होतं.

शीट मी आदल्या आठवड्यातच केली होती. सीनियर १ जुलैला, सहा इंजिनीअर १ जूनला, उरलेले चार १ ऑक्टोबरला, ट्रेनी १ ऑगस्टला. भरतीच्या खर्चासकट बेरीज आली १ कोटी १९ लाख २५ हजार. साहेबांना आधी फोनवर अंदाज विचारला होता, तेव्हा मी 'सव्वा कोटीच्या आत बसेल' म्हणालो होतो. त्यावरून त्यांनी मर्यादा घातली १ कोटी १५ लाखांची. म्हणजे सव्वाचार लाख जास्त होत होते. फार नाही.

बैठकीत एचआरच्या मॅडमनीच तोड सुचवली. "ते चार इंजिनीअर ऑक्टोबरला मिळणारच नाहीत. दिवाळी वीस-एकवीस ऑक्टोबरला आहे, बोनस हातात पडल्याशिवाय कोणी राजीनामा देत नाही. जानेवारी धरा ना. चार-पाच लाख सहज वाचतील."

शीट पडद्यावर होती. मी चार ओळींतली तारीख बदलून १ जानेवारी केली आणि एंटर दाबलं.

बेरीज झाली १ कोटी ४८ लाख ५० हजार.

दोन-तीन सेकंद कोणी बोललं नाही. मग साहेब चष्मा कपाळावर चढवत म्हणाले, "अरे, माणूस तीन महिने उशिरा घेतला तर खर्च तीस लाखांनी वाढतो? हे कुठलं गणित?" डिझाइनचे हेड हसले. मला हसू आलं नाही, कारण तोपर्यंत मला कळलं होतं. त्या सेलमध्ये हे होतं:

```
=C2*(12-MONTH(D2)+1)/12
```

हे सूत्र माझ्या आधीच्या नोकरीतलं. तिथली मूळ कंपनी परदेशी होती आणि वर्ष जानेवारी ते डिसेंबर. तिथे ते बरोबर चालायचं: जुलैत आला तर १२ वजा ७ अधिक १, म्हणजे ६ महिने. आमचं वर्ष एप्रिल ते मार्च. जुलैत येणाऱ्याचे इथे ९ महिने होतात, सूत्र देत होतं ६. ऑक्टोबरवाल्याचे ६ व्हायला हवेत, देत होतं ३. जानेवारीवाल्याचे हवेत ३ आणि देत होतं पूर्ण १२. एप्रिल ते डिसेंबरच्या प्रत्येक तारखेला ते बरोबर तीन महिने कमी धरत होतं. त्यामुळे आकडे वेडेवाकडे दिसत नव्हते, फक्त सुखद दिसत होते. तारीख ३१ डिसेंबरच्या पलीकडे गेली तेव्हाच सोंग उघडं पडलं. मॅडमनी जानेवारीऐवजी डिसेंबर सुचवला असता तर बेरीज निमूट खाली आली असती आणि तेच बजेट मंजूर झालं असतं.

दुसरी चूक त्याच ओळीत शेजारी बसली होती. सीनियर आणि ते चार इंजिनीअर आम्ही कन्सल्टंटकडून घेणार होतो. त्यांची फी ठरलेली, सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. मी ती वर्षाच्या सीटीसीवर न लावता प्रमाणशीर पगाराच्या रकान्यावर लावली होती. म्हणजे माणूस जितका उशिरा येईल तितका कन्सल्टंट स्वस्त. असा कन्सल्टंट मला अजून भेटायचाय. माणूस मार्चमध्ये जॉइन झाला तरी बिल पूर्ण वर्षाच्या सीटीसीवरच येतं. सीनियरांची फी मी साडेचार लाख धरली होती, ती नऊ हवी.

मी उभा राहून सांगितलं, "साहेब, सूत्र चुकलंय. अर्धा तास द्या." ते फक्त म्हणाले, "चहा घेऊन या."

चहा टेबलावरच राहिला. एका सेलमध्ये वर्षाचा आकडा काढायचाच नाही, असं ठरवून मी बारा महिन्यांचे बारा रकाने केले. वरच्या ओळीत प्रत्येक महिन्याची पहिली तारीख, C मध्ये वर्षाचा सीटीसी, D मध्ये जॉइनिंगची तारीख, आणि F पासून पुढे हे:

```
=$C2/12*MAX(0,MIN(1,(EOMONTH(F$1,0)-$D2+1)/DAY(EOMONTH(F$1,0))))
```

माणूस त्या महिन्यात कामावर किती दिवस आहे, भागिले महिन्याचे दिवस. यायच्या आधीच्या महिन्यांत शून्य, नंतरच्या महिन्यांत पूर्ण पगार, आणि आला त्या महिन्यात दिवसांपुरता. फीचा वेगळा तक्ता केला: सीटीसीच्या ८.३३ टक्के, पूर्ण, जॉइनिंगच्या महिन्यात, कारण बिल ऑफर दिल्यावर नाही तर माणूस रुजू झाल्यावर येतं. त्यावरचा १८ टक्के जीएसटी खर्चात धरला नाही. आमच्या विक्रीवर जीएसटी लागतो, त्यामुळे त्याचं क्रेडिट मिळतं. लॅपटॉप आधीच भांडवली बजेटमध्ये होते.

आता तपासायचं कसं? एक सोपी खूण असते, आणि ती मी आधी पाहायला हवी होती. सगळे आले की मार्चच्या रकान्याची बेरीज म्हणजे पूर्ण वर्षाच्या सीटीसीचा बारावा भाग. २ कोटी ३६ लाख ४० हजार भागिले १२, बरोबर १९ लाख ७० हजार. मार्चखाली तोच आकडा आला तेव्हा कुठे मी घोटभर चहा घेतला. तोवर त्यावर साय धरली होती.

पण मूळच्या तारखांनी खरी बेरीज निघाली १ कोटी ८५ लाख १० हजार. मर्यादेच्या ७० लाख वर.

पुन्हा बसलो तेव्हा मी कुठलंही प्रास्ताविक न करता आकडा सांगितला. डिझाइनचे हेड लगेच सावरून बसले, त्यांना वाटलं आता माणसं कापणार. खरं तर कापायला सुरुवात करण्याआधी तारखा बघायला हव्या होत्या. विभागाने लिहिलेली तारीख म्हणजे माणूस हवा असल्याची तारीख असते, माणूस येण्याची नव्हे. मॅडमनी सीनियरांचा हिशोब बोटांवर मांडला. मंजुरी १ एप्रिलला, मुलाखती आणि पगाराची बोलणी यांत दीड महिना, ऑफर मेच्या मध्यावर, मग ९० दिवसांचा नोटीस पीरियड. मध्य ऑगस्ट झाला, थोडं इकडेतिकडे धरून १ सप्टेंबर. नोटीस विकत घेऊन आधी आणता येतं, पण ते पैसेही आपल्याच बजेटमधून जातात. सहा इंजिनीअरांची नोटीस ६० दिवसांची आणि ते ओळखीतून येणार होते, त्यांची तारीख १६ जुलै धरली. ओळख देणाऱ्या आपल्या माणसाला २५ हजार, म्हणजे कन्सल्टंटच्या फीच्या एक तृतीयांश. ट्रेनींची १ ऑगस्ट पक्की, पत्रं गेलेली होती.

खऱ्या तारखा भरल्या, चार जण जानेवारीत टाकले, आणि बेरीज आली १ कोटी ५१ लाख ४२ हजार. एकही माणूस न कापता तेहतीस लाखांहून जास्त खाली. त्या पडद्यावर दिवसभरात पहिल्यांदाच तारीख पुढे गेली तसा आकडा खाली गेला.

मग साहेबांनी सहापैकी तीन सीनियर जानेवारीला ढकलले. त्याने १८ लाख सुटले, १ कोटी ३३ लाख ४२ हजार झाले, आणि मर्यादा त्यांनी १ कोटी ३५ लाखांवर नेली. "पहिली मर्यादा तुझ्याच फोनवरच्या आकड्यावरून घातली होती," असं त्यांनी सर्वांसमोर म्हटलं. ते खरं होतं.

मी लॅपटॉप मिटणार तेवढ्यात त्यांनी मार्चच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे एकोणीस सत्तर एप्रिलमध्ये किती?" मी म्हटलं, तेवढेच, वर पगारवाढ. म्हणजे पुढच्या वर्षी २ कोटी ३६ लाख, कोणाला सप्टेंबरला घ्या नाहीतर जानेवारीला. सकाळपासून आम्ही सगळे ज्याला 'वाचले, वाचले' म्हणत होतो, ते पैसे फक्त एका वर्षापुरते सुटत होते. वचन पूर्ण वर्षाचंच देत होतो. हेडना वाटत होतं जानेवारीच्या तिघांचा प्रश्न मिटला, पण साहेबांनी त्यांच्यापुढे शेरा मारला: डिसेंबरात हातात ऑर्डर बघून वेगळी मंजुरी. बजेटमध्ये पैसे ठेवले, ऑफर द्यायची परवानगी ठेवली नाही. त्या शेऱ्यासाठी मला शीटमध्ये नवा रकाना करावा लागला, तो मी आता प्रत्येक वर्षी ठेवतो: 'मंजूर' वेगळं, 'मंजुरीवर अवलंबून' वेगळं, आणि दोन्हींच्या खाली पुढच्या पूर्ण वर्षाचा खर्च.

ते चार इंजिनीअर? तिघं १ जानेवारीला आले. चौथ्याला जुन्या कंपनीने सोडायला वेळ लावला, तो १९ला आला. त्याच्या जानेवारीच्या सेलमध्ये ७५,००० गुणिले १३ भागिले ३१, म्हणजे ३१,४५२ रुपये दिसले. त्याच आठवड्यात कन्सल्टंटचं बिल आलं. ७४,९७० अधिक जीएसटी.