सामाईक वॉशिंग मशीनची सूचना लिहिताना

मी गृहनिर्माण संस्थेचा व्यवस्थापक आहे. सामाईक वॉशिंग मशीनच्या पाळीवरून सकाळी रोज वाद होऊ लागले, तेव्हा सचिवांनी सांगितले, "एक कडक सूचना काढा, वेळ मोडणाऱ्याला दंड लावा." सूचना लिहिण्याआधी मशीन नेमके कुठे रखडते हे पाहणे मला आवश्यक वाटले, म्हणून मी सकाळच्या पहिल्या पाळीला धुलाईच्या खोलीत जाऊन उभा राहिलो.

पडद्यावर एक तास पाच मिनिटे दिसत होती. प्रत्यक्षात दीड तास लागला. मशीनशेजारच्या नळाखाली दहा लिटरची बादली लावली, तर ती भरायला तीन मिनिटांहून अधिक वेळ गेला, आणि दुपारी तीच बादली मिनिटभरात भरली. आमचे मशीन समोरून दार असलेले आहे आणि एका धुलाईला साधारण साठ लिटर पाणी घेते, म्हणजे सकाळच्या बारीक धारेमुळे नुसत्या पाणी भरण्यातच तेरा-चौदा मिनिटे जादा जात होती. उरलेला उशीर फेसाचा होता. हाताने धुण्याची पावडर फार फेसाळते आणि फेस जास्त झाला की मशीन आपणहून एखादे खंगाळणे वाढवते, त्यात वेळही जातो आणि पाणीही. माझ्याशेजारी ताटकळत उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे आधीच्या माणसाने मुद्दाम उशीर केलाच नव्हता!"

कपडे निथळतच बाहेर आले, म्हणून मशीन बंद करून, खाली ताटली सरकवून मी पुढच्या बाजूची तळाची जाळी उघडली. आधी गढूळ, कुबट पाणी वाहिले, मग केसांचा आणि धाग्यांचा गोळा व त्यात अडकलेले एक नाणे निघाले. जाळी तुंबली की पाणी पुरते उपसले जात नाही आणि पाणी उरले की मशीन जोरात पिळत नाही.

त्यामुळे सूचनेत दंडाचे कलम मी घातले नाही आणि ते का नको, हे सचिवांना बादलीच्या हिशेबानिशी दाखवले. सकाळची पाळी दीड तासाची आणि दुपारची सव्वा तासाची ठेवली. मशीनसाठी असलेलाच साबण, पाकिटावरच्या मापाने वापरावा, असे लिहिले. पिंप दाबून न भरता, पण वर वीतभर जागा राहील इतके भरूनच लावावे, कारण अर्ध्या कपड्यांना पाणी काही निम्मे लागत नाही. धुणे झाल्यावर दाराच्या रबराची घडी पुसून दार किलकिले ठेवणे ही शेवटच्या वापरकर्त्याची जबाबदारी, तर दर आठवड्याला जाळी साफ करणे हे सफाई कर्मचाऱ्याचे काम ठरले. पाळी संपून दहा मिनिटांत कपडे नेले नाहीत, तर पुढच्याने ते तिथल्या टोपलीत काढून ठेवावेत, हे वाक्य काकूंनी सुचवले आणि मी ते जसेच्या तसे घेतले.