सराफ पेढीच्या खास संध्याकाळची निमंत्रणपत्रिका : माझा अनुभव

कोल्हापुरात गुजरीतल्या एका जुन्या पेढीचं डिझाइनचं काम मी बरीच वर्षं करते. बिलबुकं, दागिन्यांचे डबे, दिवाळीच्या जाहिराती असं सगळं. गेल्या पावसाळ्यात पेढीच्या अण्णांनी सांगितलं की साज, ठुशी, चिंचपेटी आणि वज्रटीक यांची नवी घडण तयार होतेय. दसऱ्याला ती काउंटरवर मांडायची, पण त्याआधी एका संध्याकाळी फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायची. "पत्रिका अशी कर की लग्नाच्या पत्रिकेसारखी कपाटात ठेवावी वाटेल. तीनशे छाप."

मी आधी वरचा हॉल बघून घेतला. सहा काउंटर होते. साज म्हणजे ट्रेमध्ये बघून पुढे सरकायची वस्तू नव्हे. त्यात जवमण्यांच्या मधे एकवीस पानं असतात. विष्णूच्या अवतारांची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक-पाचूची दोन आणि शेवटी डोरलं अशी त्यांची मोजणी सांगतात. शंख, कासव, मासा, चंद्र, बेलपान ही पानं गिऱ्हाईक एकेक करून बोटांनी चाचपून बघतं, मग गळ्यात घालून आरशात बघतं, मग सोबतच्या माणसाला विचारतं. एका कुटुंबाला अर्धा तास सहज लागतो. दीड तासात एका काउंटरवर तीन कुटुंबं, सहा काउंटरवर अठरा. संध्याकाळचे दोन भाग केले तर छत्तीस. अण्णांचा अंदाज होता की सणाच्या दिवसांत दहा घरांना बोलावलं तर सात येतात. म्हणजे पन्नास पत्रिका. तीनशे वाटल्या असत्या तर लोक खुर्च्या शोधत उभे राहिले असते आणि ज्यांच्यासाठी सगळा घाट घातला त्यांनाच घाईत दागिना बघावा लागला असता. कागदावर हे गणित मांडल्यावर अण्णा थोडे हिरमुसले, पण त्यांना पटलं.

मग तारीख. दसऱ्याच्या आधी नवरात्र आणि नवरात्राच्या आधी पितृपक्ष. पितृपक्षात सोनं घेणं सोडाच, आमंत्रण हातात घ्यायलाही बरीच घरं नाखूश असतात. पाचव्या माळेला ललितापंचमी, त्या दिवशी त्र्यंबोली देवीच्या दर्शनाला सारं गाव लोटतं. म्हणून चौथी माळ ठरली. पण मग पत्रिका वाटायच्या कधी? आम्ही असं ठरवलं की अनंत चतुर्दशीच्या आधी अण्णांनी स्वतः फोन करून तारीख कानावर घालायची, पितृपक्षात छपाई उरकायची आणि घटस्थापनेच्या दिवशी सकाळपासून पेढीच्या माणसांनी घरोघरी पत्रिका हातात द्यायच्या. इतक्या थोड्या दिवसांत कुरिअरच्या भरवशावर राहायचं नव्हतंच.

खरं डोकं खाल्लं ते मजकुराने. अण्णांच्या पहिल्या कच्च्या मजकुरात एकूण किती नग आहेत, सगळ्यांत मोठा साज किती तोळ्यांचा आहे, सोबत '916 हॉलमार्क' असं सगळं होतं. वजन आणि नगांचा आकडा मी लगेच काढायला लावला. पत्रिका एका घरातून दुसऱ्या घरात जाते, तिचा फोटो निघतो, आणि कोणत्या संध्याकाळी किती सोनं तिजोरीबाहेर असेल हे आपणच छापून कशाला द्यायचं? हॉलमार्कही काढला. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असल्याशिवाय तो दुकानात विकताच येत नाही. कायद्याने जे असायलाच हवं ते खास बोलावण्यात मिरवलं की उलट शंका येते. शेवटी आतल्या पानावर एवढंच राहिलं :

"स. न. वि. वि. आमच्या पेढीत घडलेले साज, ठुशी, चिंचपेटी आणि वज्रटीक दसऱ्याला सर्वांसाठी मांडण्याआधी आपण निवांत पाहावेत, अशी इच्छा आहे. चौथी माळ, सायंकाळी 5 ते 6.30. ही पत्रिका आपण आणि आपल्यासोबत एक, अशा दोघांसाठी आहे. येणार असल्याचे आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवावे."

खाली तारीख, फोन नंबर आणि एक ओळ : "गाडी बिंदू चौकात लावावी, तिथून आमचा माणूस सोबत येईल." गुजरी अंबाबाईच्या देवळाला लागून आहे. नवरात्रात तिथवर गाडी आणायचा विचारही करू नये. वयस्कर बायका जरीची साडी नेसून त्या गर्दीतून एकट्या येणार नाहीत, हे ज्याला माहीत आहे त्यालाच या ओळीची किंमत कळेल. दुसऱ्या भागाची वेळ 7 ते 8.30 होती. रात्री देवळात पालखी निघायच्या आत सगळे मोकळे व्हावेत हा हिशेब. वेळ दोन प्रकारची म्हणून पत्रिकाही दोन प्रकारच्या झाल्या. पंचवीस-पंचवीस.

"आपण आणि आपल्यासोबत एक" या शब्दांवर अण्णांशी बराच वाद झाला. त्यांना 'सहकुटुंब' हवं होतं, कारण तीच आपली रीत. पण सहकुटुंब म्हटलं की पाच-सहा माणसं येतात आणि त्यात लहान मुलंही असतात. आणि 'श्री. व सौ.' छापलं असतं तर एकट्या राहणाऱ्या, नवरा गेलेल्या किंवा लेकीला घेऊन येणाऱ्या बाईला ते खटकलं असतं. साज बघायला बाई बहुतेक वेळा बहिणीला नाही तर सुनेला घेऊन येते.

याच कारणाने नावांची यादी नव्याने करावी लागली. पेढीच्या संगणकातून निघालेली यादी बिलावरच्या नावांची होती. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो, म्हणून बिल ज्याचं पॅन दिलं त्याच्या नावाने निघतं. दागिना निवडणारी बाई वेगळीच. यादीतल्या निम्म्याहून जास्त नावांवर अण्णांनी आणि काउंटरवरच्या जुन्या काकांनी बसून पेन्सिलीने खरी नावं लिहिली : कोण ठुशी घेऊन गेलं होतं, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कोण आता हयात नाही. या कामाला एक अख्खी दुपार गेली. तेवढं केलं नसतं तर एखाद्या घरी हयात नसलेल्या माणसाच्या नावाने पत्रिका पोचली असती.

आता छपाई. नावं हाताने लिहायची असं पहिल्यापासून मनात होतं. चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक कटनिबने सुंदर देवनागरी लिहितात. त्यामुळे मॅट लॅमिनेशन बाद झालं. त्यावर सोनेरी नक्षीचं फॉइल छान बसतं, पण शाई मुरत नाही आणि हात लागला की पसरते. खरबरीत हातकागद मला मोहवत होता, पण त्याच्या खळग्यांत फॉइल चिकटत नाही आणि रेषा तुटक दिसते. मग गुळगुळीत, कोटिंग नसलेला, हस्तिदंती रंगाचा 350 जीएसएमचा कागद घेतला. तो जाड असल्यामुळे घडीवर आधी क्रीझ मारून घ्यावी लागते, नाहीतर दुमडताना कागदाचा तंतू फुटून पांढरी भेग दिसते. घडी कागदाच्या ग्रेनला, म्हणजे तंतूंच्या दिशेला, समांतर ठेवली तर तोही धोका कमी होतो.

मुखपृष्ठावर सगळा साज सोन्याच्या फॉइलमध्ये असावा अशी अण्णांची हौस होती. पहिलं प्रूफ आलं तेव्हा पानांवरची नक्षी पूर्ण बुजली होती. जवमण्यांच्या मधल्या फटीही भरल्या होत्या. फॉइलिंगमध्ये धातूचा ब्लॉक साधारण शंभर-सव्वाशे अंशांना तापवून फॉइलच्या फितीवर दाबतात. उष्णतेने फितीवरचा थर सुटतो आणि कागदाला चिकटतो. दोन रेषा फार जवळ असल्या की मधली जागाही चिकटते. उलट रेषा फार बारीक असली की ती धड उमटत नाही. देवनागरीत हे आणखी जपावं लागतं. 'ष' आणि 'क्ष'च्या पोटातली फट, अनुस्वाराचं टिंब, रफार यांचा आधी बळी जातो. प्रूफ हातात आलं की मी भिंगाखाली आधी हीच ठिकाणं बघते.

प्रेसवाले मामा म्हणाले, "मॅडम, ताप कमी करतो, दाब कमी करतो, पण एवढ्या बारकाव्याला मशीन तरी काय करणार?" ते बरोबर होतं. तापमान कमी केल्यावर फटी मोकळ्या झाल्या, पण पानांच्या कडा तुटायला लागल्या. मग मी एकवीस पानांतलं एकच घेतलं, कासव. ते तळहाताएवढं मोठं काढलं. कवचावरच्या रेषा एक-तृतीयांश मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवल्या नाहीत आणि दोन रेषांमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून जास्त अंतर सोडलं. हे प्रूफ आलं तेव्हा अण्णांनी ते कारागिराला नेऊन दाखवलं. तो म्हणाला, "पायाला चार दाणे पडतात, तुम्ही तीन दाखवलेत." पाय दुरुस्त केले.

फॉइलचा रंग निवडायला अण्णांनी खरा साजच प्रेसमध्ये आणला. सोनेरी फॉइल म्हणजे खरं तर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्यावर पिवळट लाखेचं आवरण. त्यामुळे सोनेरीच्याही छटा बऱ्याच मिळतात. ट्यूबलाइटखाली आवडलेली छटा दारात उन्हात नेली तर हिरवट दिसली. थोडी तांबूस छटा साजाच्या जवळ गेली, ती घेतली. आतला मजकूर साध्या काळपट तपकिरी शाईत. वाचायच्या मजकुराला फॉइल लावलं की तिरक्या उजेडात तो चकाकतो आणि अक्षर दिसत नाही.

पाकिटावर बाहेर पेढीचं नाव छापलं नाही, फक्त पाहुण्याचं नाव. या घरी सोनं घेतात हे जिन्यातल्या प्रत्येकाला कळायची गरज नाही. पत्रिकेच्या पाठीवर कोपऱ्यात नंबरिंग मशीनने क्रमांक टाकला आणि तोच क्रमांक नावासमोर वहीत. दारावरच्या माणसाने नुसती पत्रिका बघायची नाही, क्रमांक वहीशी जुळवायचा, असं ठरलं. त्याचा उपयोग झालाच. एक जण मोबाइलवर पत्रिकेचा फोटो घेऊन आले. फोटोत पुढचं कासव होतं, पाठीचा क्रमांक नव्हता. त्यांना पाणी देऊन, दसऱ्यानंतरची वेळ लिहून दिली.

त्या संध्याकाळी तेहेतीस घरं आली. पहिल्या भागात दोन काउंटर थोडा वेळ रिकामे होते आणि दुसऱ्या भागात शेवटच्या अर्ध्या तासात जरा दाटी झाली. नोकरी करणाऱ्या बायकांना 5 ची वेळ जमत नाही, हे वहीतल्या हजेरीवरून स्पष्ट दिसतं. पुढच्या वेळी पहिला भाग साडेपाचला सुरू करायचा आणि त्यात निवृत्त घरं जास्त ठेवायची, असं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय. कासवाचा ब्लॉक आणि पेढीच्या नावाचा ब्लॉक मी मुद्दाम वेगवेगळे करून घेतले होते. अक्षय्य तृतीयेला अण्णांना असंच काही करायचंय. तेव्हा नावाचा ब्लॉक तोच राहील आणि फक्त पान बदलेल. अण्णांनी या वेळी शंख सांगितलाय.