एकास-एक बैठकांची चालू टिपणे: माझा अनुभव

रत्नागिरीतील एका मत्स्यप्रक्रिया कारखान्यात मी गुणवत्ता विभाग सांभाळते आणि विभागातील प्रत्येक पर्यवेक्षकाबरोबर महिन्यातून एकदा स्वतंत्र बैठक घेते. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत यंत्रांची देखभाल होते, तेव्हाच पुढच्या हंगामाची उद्दिष्टेही ठरतात. ऑगस्टमध्ये नौका पुन्हा समुद्रात गेल्या, की माल इतक्या वेगाने येऊ लागतो की जुलैमध्ये कोणी कोणाला काय कबूल केले होते, हे गणपतीपर्यंत दोघांनाही नेमके सांगता येत नाही. म्हणून समोरच्याची संमती घेऊन आम्ही या बैठका मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतो. मात्र पाऊण तासाचे मुद्रण पुन्हा कोणी ऐकत नाही. उपयोगी पडतात ती त्यावरून काढलेली टिपणे.

प्रत्येक बैठकीचा वेगळा वृत्तान्त न लिहिता मी एका व्यक्तीसाठी एकच लांबत जाणारी फाइल ठेवते. तिच्यात उद्दिष्टे, अभिप्राय आणि कबूल केलेली मदत एवढेच असते. घरच्या अडचणी किंवा तब्येतीविषयीचे बोलणे मी त्यात उतरवत नाही. मदतीची प्रत्येक नोंद ज्या उद्दिष्टासाठी ती मागितली, त्याच्याखालीच लिहिते. ही जोडणी किती महत्त्वाची आहे, हे रात्रपाळीच्या पर्यवेक्षकांच्या बाबतीत दिसून आले.

त्यांचे उद्दिष्ट असे होते, की प्लेट फ्रीझरमधून निघणाऱ्या प्रत्येक खेपेचे गाभ्याचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली गेल्याचे तपासून त्याच पाळीत नोंदवायचे आणि ही पद्धत सप्टेंबरअखेर पूर्ण बसवायची. त्यासाठी त्यांनी प्रमाणित केलेला जादा तापमापक आणि रात्री एक मदतनीस मागितला. मुद्रण ऐकताना माझी दोन उत्तरे वेगळी निघाली. तापमापकाविषयी मी म्हटले होते, “पुढच्या सोमवारपर्यंत देते.” माणसाविषयी म्हटले होते, “मी व्यवस्थापकांशी बोलून बघते.” सारांश लिहिताना ही दोन्ही वाक्ये “मदत देण्याचे ठरले” अशा एकाच ओळीत सहज विरघळतात आणि पुढचा वाद तिथेच पेरला जातो. म्हणून मी मदतीबद्दलचे मूळ शब्द जसेच्या तसे लिहिते आणि शेजारी मुद्रणातील वेळ देते:

“तापमापक: देणार मी, सोमवारपर्यंत (१४:२०). मदतनीस: विचारणार मी, मिळेलच असे नाही, उत्तर पुढील बैठकीपूर्वी (१६:०५).”

दुसऱ्या नोंदीत कबूल झाले आहे ते विचारणे आणि उत्तर आणणे, माणूस देणे नव्हे. टिपण त्याच दिवशी त्यांना पाठवल्यावर त्यांनी लिहून कळवले, “मॅडम, मला वाटलं माणूस नक्की मिळणार.” हा गैरसमज हंगाम ऐन भरात येण्याआधी कळला, हे फार बरे झाले. त्यांचे वाक्यही मी त्याच नोंदीखाली ठेवले.

पुढील बैठकीच्या आधी मी फक्त उघड्या नोंदी वाचते आणि बैठकीची सुरुवात त्यांच्यापासूनच करते. तापमापक आला होता, ती नोंद तारखेसह बंद झाली. मदतनीस मात्र मंजूर झाला नाही. अशा वेळी जुनी ओळ पुसून नवी लिहिण्याचा मोह आवरावा लागतो. जुनी ओळ आणि मुदत तशीच ठेवून तिच्याखाली “नकार, कारण: मंजूर मनुष्यबळ पूर्ण” असे मी जोडले. मग त्याच ठिकाणी उद्दिष्टाचा विचार झाला. एकट्या माणसाने रात्री सर्व खेपा तपासणे शक्य नव्हते आणि काही खेपा सोडून देणे आम्हाला मान्य नव्हते, म्हणून तपासणी तशीच ठेवून ताज्या मालाच्या प्रतवारीवरील देखरेख त्यांच्याकडून काढून दुसऱ्या पर्यवेक्षकांकडे दिली. मदतीची नोंद वेगळ्या पानावर असती, तर वर्षअखेरीच्या मूल्यमापनात केवळ “उद्दिष्ट अपूर्ण” एवढेच दिसले असते, आणि तो त्या माणसावर अन्याय ठरला असता.

टिपणे निर्जीव होऊ लागल्याची एक खूण मी ओळखते: एखाद्या मदतीपुढे “प्रक्रिया सुरू आहे” हे लागोपाठच्या बैठकांत येते, पण नवी तारीख किंवा पुढचे पाऊल उचलणाऱ्याचे नाव येत नाही. अशी नोंद दुसऱ्यांदा दिसली, की मी तिथेच विचारून घेते, की हे होणार आहे की नाही, आणि नसेल तर तसे स्पष्ट लिहिते.

अभिप्रायाच्या नोंदीत मी विशेषणे टाळते. “नोंदींत निष्काळजी” याऐवजी “अमुक तारखेच्या रात्रपाळीत शेवटच्या दोन खेपांचे तापमान सकाळी भरले” असे लिहिते आणि लगेच खाली त्यांचे उत्तर देते. त्या रात्री वीज गेल्यामुळे ते जनित्राकडे गेले होते, हे उत्तर नसते तर ती नोंद अर्धीच राहिली असती.

दोघांनी टिपण वाचून मान्य केल्यावर मी मुद्रण पुसून टाकते. एखाद्या ओळीवर मतभेद असेल, तर तो मिटेपर्यंत ठेवते. पर्यवेक्षक दुसऱ्या विभागात गेले, तर त्यांच्या नव्या वरिष्ठांकडे उद्दिष्टे आणि मदतीच्या उघड्या नोंदी जातात, अभिप्रायाचा भाग मात्र त्या पर्यवेक्षकांनी होकार दिला तरच.