आमची वाटचाल : हळद विकली, पण पैसा कुठं होता?

सांगलीत वडिलांनी हळद पावडरचं युनिट टाकलं. माल खपायचा, नफाही दिसायचा, तरी बँकेचं ५० लाखांचं सीसी कर्ज कायम पूर्ण वापरलेलंच. मग एका दिवाळीत कामगारांच्या बोनसला पैसे कमी पडले आणि मी वही घेऊन बसलो.

वर्षाची विक्री २ कोटी १९ लाख, म्हणजे दिवसाला ६० हजार. विकलेल्या मालाची कॉस्ट दिवसाला ५० हजार. सरासरी स्टॉक ४५ लाख, म्हणजे ९० दिवस. उधारी ३६ लाख, म्हणजे ६० दिवस. आमचं देणं साडेसात लाख, म्हणजे १५ दिवस, कारण सौद्यातल्या हळदीचे पैसे अडत्याला लवकरच द्यावे लागतात. ९० अधिक ६० वजा १५, म्हणजे खिशातून गेलेला रुपया परत यायला १३५ दिवस!

इथं एक चूक केलेली, पहिल्यांदा ३१ मार्चच्या बॅलन्सशीटवरचा स्टॉक धरला. तेव्हा सीझन असतो, गोदाम भरलेलं, त्यामुळे दिवस भलतेच जास्त आले. सीझनल धंद्यात बारा महिन्यांच्या अखेरीचे आकडे घेऊन सरासरीच काढा.

स्टॉक बघितला तर सगळी हळकुंडं नव्हती, छापील पाऊच पण वर्षभराचे पडून होते. पाऊच कमी मागवायला लागलो, हळद पण सगळी सीझनला न भरता थोडी थोडी घ्यायला लागलो. ९० चे ६५ दिवस झाले, साडेबारा लाख मोकळे. पण ह्यात रिस्क आहे, एका वर्षी मध्येच तेजी आली आणि महाग घ्यावी लागली, म्हणून ह्यापेक्षा खाली मी जात नाही.

उधारीला आधी दोन टक्के कॅश डिस्काउंट द्यायचा विचार होता, ६० ऐवजी १५ दिवसांत पैसे दिले तर. हिशोब केला तर ४५ दिवसांसाठी दोन टक्के म्हणजे वर्षाला सोळा टक्क्यांच्या वर, आणि बँक घेते अकरा, मग कशाला? एक टक्का ठेवला, तो साधारण आठ पडतो. काही जुन्या दुकानदारांनी तो घेतला. बाकीच्यांना आधीचं बिल क्लिअर झाल्याशिवाय पुढची गाडी नाही, आणि बिलावर छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा उद्यम नंबर छापला. आमच्यासारख्या छोट्या उत्पादकाला करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे, आणि २०२३-२४ पासून मुदत उलटली आणि वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत तर तो खर्च घेणाऱ्याला त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, त्यामुळे फोन उचलायला लागले. उधारी ४५ दिवसांवर आली, आणखी ९ लाख.

अडत्याचे १५ दिवस मात्र हलवले नाहीत. तिथं ताणलं तर पुढच्या सौद्यात चांगला माल आपल्याला मिळत नाही.

१३५ चे ९५ झाले, साडेएकवीस लाख सुटले, व्याजच वर्षाला २ लाख ३६ हजार वाचतं. पैसा एकदाच सुटतो, व्याज दरवर्षी वाचतं, पण दिवस परत वाढले की दोन्ही गेलं, म्हणून दर महिन्याच्या ५ तारखेला हे तीन आकडे काढतो. ह्या दिवाळीला बोनस आठवडाभर आधी वाटला.