ऑडिटवरचं प्रेझेंटेशन आणि त्यानंतरची प्रश्नोत्तरं: माझा अनुभव

सीए होण्यासाठीच्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाच्या, शेवटच्या टप्प्यात आयसीएआय या सीएंच्या संस्थेचा एमसीएस, म्हणजे व्यवस्थापन आणि संवादकौशल्याचा, कोर्स करावा लागतो. त्यात आमच्या गटाला विषय मिळाला: कंपनीचे हिशेब विश्वासार्ह आहेत की नाही, हे ऑडिटर कसं ठरवतो. स्लाइड्स लवकर झाल्या. खरी तयारी प्रश्नांची करावी लागली, कारण समोर बसलेले सगळे स्वतः ऑडिट करणारेच होते.

पहिला प्रश्न अपेक्षित होता. हजारो नोंदींपैकी तुम्ही चाळीस तपासता, मग बाकीच्यांबद्दल बोलण्याचा अधिकार तुम्हाला कुठून मिळतो? शितावरून भाताची परीक्षा होते, पण कुठलं शीत उचललं यावर सगळं अवलंबून असतं. त्यामुळे मी आमच्या ऑफिसातल्या एका कामाचं उदाहरण, आकडे सोपे करून, फळ्यावर मांडलं.

एका वितरक कंपनीचे डेटर्स, म्हणजे गिऱ्हाइकांकडून येणं, ८ कोटी रुपये होते. त्यात ६० लाखांपर्यंतची चूक आम्ही सहन करू शकत होतो. आम्ही रुपयागणिक सॅम्पल निवडण्याची पद्धत वापरली. ९५ टक्के खात्री हवी असेल आणि एकही चूक अपेक्षित नसेल, तर या पद्धतीतला गुणक ३ असतो. ६० लाखांना ३ ने भागलं की २० लाख, हे झालं अंतर. मग पूर्ण यादीची बेरीज करत जायचं, सुरुवात यादृच्छिक घ्यायची आणि दर २० लाखाला ज्या पार्टीचं खातं लागेल ते उचलायचं. ८ कोटींत अशा ४० जागा येतात. २० लाखांहून मोठं प्रत्येक खातं यात आपोआप येतं आणि लहान खात्याला त्याच्या रकमेच्या प्रमाणात संधी मिळते. इथे निवड खात्याची नसून रुपयाची असते. हे सांगितल्यावर वर्गातल्या बऱ्याच जणांनी मान हलवली.

मग चुकीचा हिशेब केला. निवडलेल्या पार्ट्यांना पत्र पाठवून शिल्लक विचारली होती. एका पार्टीचं खातं ५ लाखांचं होतं, त्यांनी ४ लाखच कबूल केले. फरक १ लाखाचा, म्हणजे खात्याच्या २० टक्के. पण ते खातं २० लाखांच्या टप्प्याचं प्रतिनिधी आहे, म्हणून अंदाजित चूक २० लाखांच्या २० टक्के, म्हणजे ४ लाख धरायची. एकही चूक सापडली नसती तरी अनिश्चितता ६० लाखांची होतीच. त्यात हे ४ लाख आणि चूक सापडल्यामुळे वाढलेल्या अनिश्चिततेचे, पद्धतीच्या तक्त्याप्रमाणे येणारे, ३ लाख मिळवले की वरची मर्यादा ६७ लाखांवर जाते. ६० लाखांची रेघ ओलांडली गेली. एका लाखाचा फरक "किरकोळ आहे" म्हणून सोडून देता येत नाही, तो यामुळे.

इथे एका मुलाने फार चांगला प्रश्न विचारला: जी विक्री यादीत लिहिलेलीच नाही, ती या पद्धतीने सापडेल का? अजिबात नाही. खातं शून्य असेल तर त्यात निवडायला रुपयाच नाही. या पद्धतीत फुगवलेला आकडा सापडतो, लपवलेला सापडत नाही. त्यासाठी उलट्या दिशेने जावं लागतं: गेटवरचं आवक-जावक रजिस्टर घ्यायचं, त्यातली जावक नोंद निवडायची आणि तिचं बिल पुस्तकात शोधायचं. कुठल्या दिशेने तपासायचं हे आधी ठरवलं नाही, तर कितीही मोठं सॅम्पल घेऊन उपयोग नाही.

त्यानंतर कोर्स घेणाऱ्या मॅडमनी विषय सत्यम या आयटी कंपनीच्या घोटाळ्याकडे नेला, आणि माझ्या मते संपूर्ण चर्चेतला हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग होता. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केलं होतं की पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. मॅडमचा प्रश्न होता: इथे सॅम्पल वाढवलं असतं तर फरक पडला असता का?

माझं उत्तर होतं, नाही. बँक शिलकेसाठी सॅम्पलची गरजच नसते. खाती मोजकी असतात, बँकेला पत्र पाठवून प्रत्येक शिल्लक विचारता येते. प्रश्न त्या पत्राच्या प्रवासाचा असतो. एसए ५०५ या ऑडिटच्या मानकाप्रमाणे पत्र ऑडिटरने स्वतः पाठवायचं आणि उत्तर बँकेकडून थेट ऑडिटरकडे आलं पाहिजे. सत्यमचं ऑडिट करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय संस्थांवर अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाने, २०११ मध्ये कारवाई केली, तेव्हा नेमकं हेच नोंदवलं होतं: पत्रं पाठवण्याचं आणि उत्तरं घेण्याचं काम ऑडिट टीमने कंपनीच्याच हाती सोडलं होतं. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याच हातून पुरावा आला, तर तो कितीही नीटनेटका दिसला तरी त्याचं वजन कमी धरायचं. आता मी कुठलंही कन्फर्मेशन हातात घेतलं की आधी ते कुठून आलं ते पाहते: ई-मेलचा पत्ता बँकेच्या स्वतःच्या डोमेनचा आहे का, की कंपनीच्या अकाउंटंटने पुढे पाठवलेला पीडीएफ आहे.

डेटर्सची पत्रं मात्र बऱ्याचदा परत येतच नाहीत. उत्तर आलं नाही म्हणजे शिल्लक मान्य, असं धरायचं नाही. अशा वेळी आम्ही एप्रिल-मेचं बँक स्टेटमेंट काढतो आणि त्या पार्टीचे पैसे नंतर खरंच आले का, ते बिलागणिक जुळवतो.

ऑडिटरच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नांत कलमं पटकन सांगून झाली. कंपनी कायद्याच्या कलम १४१ प्रमाणे ऑडिटर किंवा त्याचा भागीदार कंपनीचा एकही शेअर ठेवू शकत नाही. कलम १४४ प्रमाणे त्याच कंपनीची पुस्तकं लिहिण्याचं किंवा इंटर्नल ऑडिटचं काम घेता येत नाही. लिस्टेड कंपनीत एका फर्मला सलग दहा वर्षांहून जास्त राहता येत नाही. पण "फी कंपनीच देते ना?" हा प्रश्न कलमांनी मिटत नाही. नेमणूक भागधारक सभेत करतात हे खरं, तरी बहुतेक लहान कंपन्यांत फीची बोलणी प्रवर्तकाशीच होतात.

म्हणून मी पुन्हा त्या ५ लाखांच्या खात्याकडे आले. १ लाखाचा फरक परत आलेल्या मालाचा होता. माल मार्चमध्ये परत आला आणि क्रेडिट नोट, म्हणजे तेवढं येणं कमी करणारा कागद, एप्रिलमध्ये निघाली. कारण कळल्यावर एप्रिलच्या सगळ्या क्रेडिट नोटा तपासल्या, तेव्हा मार्चच्या मालाच्या २३ लाखांच्या निघाल्या. बाकीच्या यादीत चूक नव्हती. कंपनीच्या अकाउंटंटचं म्हणणं, "साहेब, पुढच्या वर्षात जिरून जाईल, नफा आता कमी दाखवला तर बँकेची लिमिट अडेल." आमचे सर म्हणाले, "लिमिट बँक आणि तुम्ही बघा. एन्ट्री मार्चमध्येच पडेल."

यावर मॅडमचा शेवटचा प्रश्न आला: २३ लाख तर तुमच्या ६० लाखांच्या आत आहेत, कंपनी नाही म्हणाली असती तर? खरं उत्तर हे की केवळ तेवढ्यावर अहवालात शेरा देता आला नसता. पण एसए ४५० प्रमाणे ती दुरुस्त न केलेली चूक यादीत लिहावी लागली असती, संचालकांना कळवावी लागली असती आणि इतर चुकांसोबत तिची बेरीज करून पुन्हा ६० लाखांशी ताडावी लागली असती. शिवाय नफा फुगवून लिमिट टिकवण्याचा हेतू स्पष्ट दिसत असेल, तर रक्कम लहान असूनही ती महत्त्वाची ठरू शकते. त्या कंपनीने ३१ मार्चच्या तारखेने एन्ट्री टाकली आणि आम्ही सुधारित डेटर्सची यादी फाइलला लावली.