होजिअरीचा नफा १२.४ की १४.४?

टी.वाय.ला असतानाच बँकेच्या परीक्षेची तयारी सुरू केली होती. पूर्व परीक्षेत गणिताचे ३५ प्रश्न आणि २० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला धड ३५ सेकंदही नाहीत. कॅल्क्युलेटर नाही, चुकलं की पाव गुण वजा. डीआयचे, म्हणजे तक्ते-आलेखांचे, विकतचे संच सोडवून सोडवून मला पाठ झाले होते. तक्ता दिसला की उत्तर आठवायचं, गणित नाही. तेव्हा डोक्यात आलं, आपल्याच अकाउंट्सच्या वह्या आकड्यांनी भरलेल्या आहेत, त्यांतून संच का करू नयेत?

पहिला प्रयत्न अगदीच बाळबोध होता. वहीतला डिपार्टमेंटल अकाउंट्सचा प्रश्न घेतला, तक्ता जसाच्या तसा उतरवला आणि खाली पाच प्रश्न लिहिले. साड्यांची विक्री ३,१७,४५०, शर्टिंगची २,०८,९७५, असला प्रकार. स्वतःच सोडवायला बसले आणि दुसऱ्याच प्रश्नाला भागाकारात अडकले. अकाउंट्सच्या पेपरात हे चालतं, कारण तिथे कॅल्क्युलेटर हाताशी असतो आणि ताळा जुळणं महत्त्वाचं असतं. इथे भागाकाराची हमाली नको होती. कुठला आकडा कशाला जोडायचा, ते ओळखणं हवं होतं.

मग उलटीकडून सुरुवात केली. आधी एकूण विक्री ठरवली, १२०० (हजार रुपयांत). १२०० का, तर वर्तुळाचे ३६० अंश त्यात वाटले की एका हजाराला ०.३ अंश येतात आणि दहाच्या पटीतल्या कुठल्याही विक्रीचा कोन पूर्णांकात निघतो. ३०० ला ९० अंश, १६० ला ४८, ८० ला २४. विक्री ठरल्यावर नफा ठरवला, त्यावरून विकलेल्या मालाची किंमत काढली आणि शेवटी साठा व खरेदी अशी बसवली की बेरीज-वजाबाकी जुळेल. पूर्ण भरलेला तक्ता माझ्याकडे ठेवला, काही चौकटी पुसल्या, आणि उरला तो संच.

| विभाग | प्रारंभिक साठा | खरेदी | अखेरचा साठा | विक्री | विक्रीवर ढोबळ नफा % |
|---|---|---|---|---|---|
| साड्या | ४० | २६० | ६० | ३०० | – |
| शर्टिंग | ३० | – | ४० | २०० | २५ |
| रेडिमेड | ५० | ३७० | ३० | ४६० | – |
| चादरी | २० | १३२ | – | १६० | २० |
| होजिअरी | २५ | ७५ | ४० | ८० | – |

हा तक्ता एवढा साधा दिसतो, पण इथवर यायला तीन खेपा लागल्या.

पहिल्या खेपेला साड्यांच्या ओळीत शेवटच्या चौकटीत मी २५ लिहिले होते. संच रूममेटला दिला. ती बीएस्सीची, पण परीक्षा तीच देणार होती. पाच मिनिटांत म्हणाली, "अगं, साड्यांचा ढोबळ नफा ६० की ७५? दोन्ही येतंय." पाहते तर खरंच. साठ्यावरून गेलं की ४० अधिक २६० वजा ६०, म्हणजे विकलेला माल २४० चा आणि नफा ६०. टक्क्यांवरून गेलं की ३०० चे २५ टक्के, म्हणजे ७५. घोळ वहीत नव्हता, माझ्या उतरवण्यात होता. वहीत २५ टक्के खर्चावर होते. २४० वर ६० म्हणजे पंचवीस टक्के, आणि तेच ६० विक्रीच्या ३०० वर वीस टक्के. समासात मी "ऑन कॉस्ट" असं लिहिलेलंही होतं. उतरवताना आकडा घेतला, समास सोडला.

त्यातून एक नियम घालून घेतला: एका ओळीत पाचही आकडे द्यायचे नाहीत. चार दिले की पाचवा काढता येतो, पाचही दिले की ते एकमेकांशी भांडू शकतात. पूर्ण तक्ता एक्सेलमध्ये ठेवून त्याच ओळीत विकलेल्या मालाची किंमत, नफा, टक्का आणि कोन सूत्राने काढायला लागले. `B` ते `D` मध्ये प्रारंभिक साठा, खरेदी, अखेरचा साठा, `E` मध्ये विक्री:

```
F2: =B2+C2-D2
G2: =E2-F2
H2: =G2/E2*100
I2: =E2/SUM($E$2:$E$6)*360
```

आधी सूत्रं, मग चौकटी पुसणं. क्रम उलटा केला की चूक लपते.

खरा वेळ खाल्ला तो पर्यायांनी. पाच पर्यायांतले चार चुकीचे द्यायचे, आणि मी आधी ते नुसते आसपासचे आकडे म्हणून टाकत होते. शर्टिंगची विक्री तेव्हा २४० होती, बरोबर खरेदी १९० येत होती, म्हणून १८५, १९५, २०० असं काहीतरी. त्याचा उपयोग शून्य. चुकणारा माणूस १८५ वर येतच नाही. तो ज्या आकड्यावर येतो तोच पर्यायात पाहिजे, म्हणजे चुकल्यावरही "सापडलं" असं वाटून तो खूण करतो. परीक्षेत माझं तेच होत होतं.

म्हणून स्वतःच्या चुका आठवून पर्याय काढले. प्रारंभिक आणि अखेरच्या साठ्याची अदलाबदल केली तर १७०. विकलेल्या मालाच्या किमतीवरच थांबलं तर १८०. नफा वजा करायलाच विसरलं तर २५०. पंचवीस टक्के खर्चावर धरले तर २०२. मी खूश. रूममेटने मात्र पर्याय बघूनच २०२ उडवला. "बाकी सगळे शून्यावर संपतात, हा एकटाच दोनावर. हा उत्तर असूच शकत नाही." गणित न करता तिने माझा सगळ्यात चांगला सापळा बाजूला काढला.

हे दुरुस्त करायला पर्याय बदलून भागत नव्हतं, मुळातली विक्री बदलावी लागली. २४० ला १.२५ ने भागलं की १९२ येतात, तिथेच शेपूट उरतं. २०० ला भागलं की सरळ १६०. म्हणून शर्टिंगची विक्री २०० केली, उरलेले ४० रेडिमेडमध्ये ढकलले, म्हणजे एकूण १२०० कायम राहिले आणि कोनही पूर्णांकात राहिले. मग रेडिमेडची खरेदी वाढवली. आता शर्टिंगची खरेदी १६०, आणि त्याच चार चुकांचे आकडे १४०, १५०, २१० आणि १७०. सगळे शून्यावर संपणारे. एका प्रश्नासाठी अख्खी संध्याकाळ गेली, पण साठ्याची अदलाबदल माझ्याकडून त्यानंतर क्वचितच झाली.

तक्त्याला पाय चार्ट जोडला तेव्हा निराळीच अडचण आली. पाय चार्टात दुकानाच्या जागेची वाटणी होती: साड्या १०८ अंश, रेडिमेड ९०, शर्टिंग ७२, चादरी ५४, होजिअरी ३६. एकूण भाडं ६० हजार, जाहिरात २४ हजार. प्रश्न होता, होजिअरीचा निव्वळ नफा किती? रूममेट बराच वेळ कागदाकडे बघत बसली, मग म्हणाली, "भाडं कशावर वाटायचं हे लिहिलंयस कुठे?" मी म्हटलं, भाडं जागेवरच वाटतात ना, आणि जाहिरात विक्रीवर. ती म्हणाली, "तुमच्यात वाटत असतील."

बरोबर होतं तिचं. आम्हाला ते वर्गात इतक्यांदा घोकून घेतलेलं असतं की ते सांगण्याची गोष्ट आहे हेच विसरायला होतं. पण डीआयमध्ये कागदाबाहेरचं काही वापरायचं नसतं. इंजिनिअरिंगवाल्यालाही तो संच तेवढाच सुटला पाहिजे. कॉमर्सवाल्यांची पंचाईत उलटी असते: आपल्याला जास्त माहीत असतं म्हणून आपण न विचारलेली अ‍ॅडजस्टमेंट मनातल्या मनात करून टाकतो. तेव्हापासून प्रत्येक संचाखाली दोन ओळी यायला लागल्या: विकलेल्या मालाची किंमत म्हणजे काय, आणि कुठला खर्च कशाच्या प्रमाणात वाटायचा. संच करून झाला की अकाउंट्सचा एकेक शब्द झाकून बघायचे. त्या शब्दाशिवाय अडलं तर खाली टीप हवी.

बार चार्टचा अनुभव थोडक्यात सांगते. विक्रीचे आकडे २४०, २४५, २५०, २६० असे जवळजवळचे असले की एक्सेल उभा अक्ष आपणहून शून्याऐवजी वरच्या आकड्यापासून सुरू करतं, आणि मग २६० चा खांब २४० च्या कितीतरी पट उंच दिसतो. परीक्षेच्या आलेखात आकडे वाचायचे असतात, उंची नाही, हे खरं. तरी सरावात मी अक्ष शून्यावरच आणून ठेवायचे. एकदा मात्र तो मुद्दाम तसाच सोडला आणि विचारलं, "सर्वांत जास्त विक्री सर्वांत कमी विक्रीपेक्षा किती टक्क्यांनी जास्त?" उत्तर फक्त ८.३३, आणि मी तोंडी अंदाज चाळीस केला होता.

या संचांची मर्यादाही लवकर कळली. वह्यांतून येतं ते सगळं साठा, नफा, भागीदारांचं गुणोत्तर, घसारा, इतकंच. गाडीतले प्रवासी, दोन गावांतले मतदार, आणि तक्ता न देता नुसत्या परिच्छेदात माहिती कोंबलेले संच वहीत नव्हतेच. त्यासाठी विकतचेच घ्यावे लागले. दुसरं म्हणजे, स्वतः केलेला संच स्वतः लगेच सोडवण्यात अर्थ नाही. मी घड्याळ लावलं तेव्हा पाच प्रश्न अडीच मिनिटांत झाले होते, आणि क्षणभर वाटलंही की वेग वाढला. वेग कसला, आकडे नुकतेच हातून गेले होते. मग आम्ही संचांची अदलाबदल सुरू केली. ती लॅबच्या नोंदींवरून करायची, मी वहीतून. स्वतःचा संच किमान दहा दिवस वहीत बंद.

होजिअरीचा तो संच मी बरोबर दहा दिवसांनी काढला. ढोबळ नफा ८० वजा ६०, म्हणजे २०. पर्याय समोर होते: ११.६, १२.४, १४.०, १४.४, १८.४. प्रत्येक चूक मीच तिथे ठेवलेली: दोन्ही खर्च जागेवर वाटले तर ११.६, जाहिरात विसरली तर १४.०, भाडं विसरलं तर १८.४. घड्याळ चालू होतं. विक्री १२०० पैकी ८० म्हणजे पंधरावा भाग, भाडं ४, जाहिरात १.६, २० मधून ५.६ गेले. १४.४ वर खूण केली आणि पुढे गेले.

भाडं जागेवर वाटायचं होतं. ३६ अंश म्हणजे दहावा भाग, ६ हजार. जाहिरातीचे १.६ धरून उत्तर १२.४. खालची टीप मीच लिहिलेली होती, आणि रूममेटने तिच्याखाली पेन्सिलने रेघही मारून ठेवली होती.