पाय दुखतो म्हणून गोळी बंद केली

काका आले तेव्हा साडेअकरा वाजले असतील, ओपीडीत गर्दी होती, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं रूटीन बीपी चेक असेल. वय ६६, राहायला सहकारनगर, सात वर्षांपूर्वी बायपास झालेलं, तीन ग्राफ्ट. सिगरेट होती, ती ऑपरेशनच्या दिवशी सुटली ती सुटलीच. डायबेटीस नाही. बरोबर काकू होत्या, त्यांनीच फाइल टेबलावर ठेवली.

"मॅडम, हे आता तळजाईला जातच नाहीत. डावा पाय दुखतो म्हणतात. त्या कोलेस्टेरॉलच्या गोळीनेच दुखत होता म्हणून ती बंद केली तरी दुखतोच."

मी विचारलं, कधी बंद केली? काका म्हणाले, "झाले की चौदा महिने." मला एकदम धस्स झालं. चौदा महिने! मधे दोनदा येऊन गेले होते बीपीसाठी, मी गोळ्या विचारल्या होत्या आणि ते "सगळ्या चालू आहेत" म्हणाले होते, कारण त्यांच्या हिशोबात हार्टच्या गोळ्या म्हणजे ऍस्पिरिन आणि बीपीची. कोलेस्टेरॉलची गोळी वेगळी, ती रिपोर्ट चांगला येईपर्यंतची.

आणि असं त्यांना का वाटलं तेही फाइलमध्येच सापडलं. दोन वर्षांपूर्वीचा लॅब रिपोर्ट, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ६८, शेजारी छापलेलं 'नॉर्मल १०० च्या आत', आणि त्याच दिवशीच्या केसपेपरवर माझ्या अक्षरात 'लिपिड नॉर्मल'. बास, एवढंच. ६८ हा गोळी चालू असतानाचा आकडा आहे, गोळी नसताना १४२ होता, हे मी लिहिलं नव्हतं. पेशंटनी 'नॉर्मल' वाचलं आणि आजार संपला असं धरलं, त्यात पाय दुखायला लागला, कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं की स्टॅटिननी, म्हणजे या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी, स्नायू झिजतात, मग काय, गोळी गेली.

म्हटलं आधी दुखणं नीट ऐकूया. नेमकं कुठं दुखतं? काकांनी डाव्या पोटरीवर हात ठेवला. उजवी? नाही. मांडीत, दंडात? नाही. बसल्या बसल्या दुखतं का, रात्री? नाही. "गेटपासून निघालो की डेअरीच्या कोपऱ्यापर्यंत बरा असतो, तिथं गोळा आल्यासारखं होतं. थांबलो की दोन मिनिटांत जातं. पुन्हा निघालो की पुन्हा तेवढ्याच अंतरावर." काकू मधेच बोलल्या, "तिथं थांबून मोबाइल बघत असल्यासारखं करतात, लोकांना कळू नये म्हणून."

हे ऐकलं आणि माझं अर्धं निदान झालं. स्टॅटिननी जे दुखतं ते सहसा दोन्ही बाजूंना, मांड्या, कंबर, खांदे अशा मोठ्या स्नायूंत, गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत सुरू होतं, बसलेलं असतानाही जाणवतं. आणि गोळी बंद केली की काही आठवड्यांत ओसरतं. इथं चौदा महिने गोळी पोटात नाही आणि दुखणं कमी व्हायच्या ऐवजी अंतर घटत चाललंय, आधी टेकडीचा चढ, मग सपाट रस्ता, आता डेअरीचा कोपरा. एका पोटरीत, ठरावीक अंतरावर, उभं राहिलं की थांबणारं, हे स्नायूचं दुखणं नाही, स्नायूला रक्त कमी पडतंय त्याचं दुखणं आहे.

झोपवून पाय बघितले. डाव्या नडगीवरचे केस गेलेले, पाऊल उजव्यापेक्षा गार. जांघेत नाडी लागली, गुडघ्यामागे नाही, पावलावर नाही. मग रक्त वाहण्याचा आवाज ऐकवणारा हातातला छोटा डॉप्लर काढला. उजव्या घोट्याशी आवाज कसा ठोक्याठोक्याला टणक येतो, उसळून परत येतो, आणि डाव्या घोट्याशी नुसतं लांबून वारा वाहिल्यासारखं फूऽऽस फूऽऽस. काकूंनाही फरक कळला, त्या खुर्चीवरून उठून जवळ आल्या. दंडाचं वरचं प्रेशर १४६, उजव्या घोट्याचं १३२, डाव्याचं ८६. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा, ०.९ किंवा त्याच्या खाली आलं की पायाच्या रोहिणीचा आजार. काकांचं डावीकडे ०.५९, उजवीकडे ०.९०, म्हणजे उजवा पायही काठावरच. (डायबेटीस जुना असेल तर घोट्याच्या रक्तवाहिन्या कॅल्शियमनी कडक होतात आणि हा आकडा खोटा चांगला येतो, अशा पेशंटमध्ये मी यावर विसंबत नाही, अंगठ्याचं प्रेशर करायला पाठवते.)

म्हणजे ज्या दुखण्याचा दोष गोळीवर आला ते दुखणं मुळात त्याच आजाराचं होतं ज्याच्यासाठी गोळी चालू होती. मला खूप वाईट वाटलं, कारण हे चौदा महिन्यांपूर्वी पाच मिनिटांत कळलं असतं.

काका गप्प झाले, मग म्हणाले, "पण बायपासमध्ये ब्लॉकेज काढले ना सगळे?"

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक बायपासवाला विचारतो. मी कागदावर हृदय काढलं. म्हटलं काका, काढलं काहीच नाही, ब्लॉकेज आहेत तिथंच आहेत, त्यांच्या बाजूनी नवा रस्ता टाकलाय. त्यातला एक रस्ता छातीतल्या रोहिणीचा, ती चिवट असते, वर्षानुवर्षं टिकते. उरलेले दोन तुमच्या पायातल्या शिरेचे, ही बघा घोट्याजवळची खूण. शीर म्हणजे कमी प्रेशरची नळी, तिला एकदम हृदयाजवळच्या प्रेशरमध्ये बसवली की तिची भिंत जाड व्हायला लागते आणि त्या जाड भिंतीत कोलेस्टेरॉल मूळच्या रक्तवाहिनीपेक्षाही लवकर साठतं. पहिलं वर्ष उलटल्यावर शिरेचा ग्राफ्ट बंद पडतो तो बहुतेक याच कारणानी.

यावर १९९७ ची एक ट्रायल आहे, बायपास झालेल्या १३५१ लोकांवरची, मला ती काकांसाठीच केल्यासारखी वाटते. एका गटाचं एलडीएल साधारण १३५ च्या आसपास ठेवलं, दुसऱ्याचं जोर लावून शंभरीच्या जरा खाली आणलं, आणि चारेक वर्षांनी शिरेचे ग्राफ्ट पुन्हा अँजिओग्राफी करून बघितले. ढिल्या गटात ३९ टक्के ग्राफ्टमध्ये आजार वाढलेला, कडक गटात २७ टक्के. काकांचं ब्लड लगेच पाठवलं, संध्याकाळी रिपोर्ट आला, एलडीएल १३९. म्हणजे चौदा महिने ते त्या ढिल्या गटात काढत होते. सीपीके ही स्नायूंची तपासणी आणि थायरॉइड, दोन्ही ठीक, म्हणजे स्नायूंना इजा झाल्याची खूण नाही.

दुसऱ्या दिवशी डॉप्लर सोनोग्राफीत डाव्या मांडीतली रोहिणी मधे बऱ्याच लांबीत बंद दिसली, आजूबाजूच्या बारीक वाटांनी खाली रक्त जातंय. पायात जखम नाही, बसल्या दुखत नाही, त्यामुळे व्हॅस्क्युलर सर्जनही म्हणाले लगेच काही नको, गोळ्या आणि चालणं.

आता टार्गेटचं. काकांनी विचारलं की आधी ६८ होतं, नॉर्मल होतं, मग आता परत तेवढंच आणायचं ना? नाही. लॅबच्या कागदावरचे १०० हे ज्याला काही झालेलं नाही त्याच्यासाठी. ज्याचा आजार हृदयात दिसला आणि पायातही दिसला त्याच्या सगळ्याच रक्तवाहिन्यांत तो कमीजास्त आहे असं धरून चालावं लागतं, आणि अशा माणसाला पुढचा झटका कुठूनही येऊ शकतो. युरोपातल्या डॉक्टरांच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्ये यांच्यासाठी ५५ च्या आत आणि शिवाय मूळ आकड्याच्या निम्म्याहून कमी, असं दोन्ही सांगितलंय. आपली लिपिड असोसिएशन ऑफ इंडिया आणखी खाली जाते, ५० च्या आत, काहींना ३० पर्यंत. पायाच्या बाबतीत एलडीएल उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या एका मोठ्या ट्रायलचा २०१८ मध्ये आलेला हिशोब आहे, त्यात स्टॅटिनवर असलेल्यांचं एलडीएल नव्वदीवरून तिसाच्या आसपास नेलं, तर पायाचं रक्त अचानक अडणं, तातडीचं पायाचं ऑपरेशन, पाय कापावा लागणं अशा घटना ४२ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणून ६८ वर मी समाधानी राहायला नको होतं, दोन वर्षांपूर्वीही नको होतं.

मग गणित मांडलं. नुसत्या स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल जेमतेम सहा टक्के जास्त उतरतं, म्हणून डोस रेटत बसण्यापेक्षा दुसरं औषध जोडलेलं बरं. रोसुव्हास्टॅटिन २० नी १३९ चे निम्मे म्हणजे सत्तरच्या आसपास, त्यावर एझेटिमाइब १० आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषायचं कमी करून अजून पाव-पंचमांश उतरवतं, म्हणजे पंचावन्नच्या आसपास. दोन्ही एकाच गोळीत मिळतं. काकांना धाकधूक होतीच, म्हणून ठरवलं की दोन्ही मांड्यांत एकदम नवीन दुखणं आलं किंवा लघवी काळपट झाली तर थांबवून फोन करायचा, पोटरीचं जुनं दुखणं आलं तर गोळी चालूच ठेवायची. हा फरक मी काकूंनाही परत परत सांगितला.

आणि हेही सांगितलं की गोळीनी मांडीतला बंद रस्ता उघडणार नाही. अंतर वाढेल ते चालण्यानी. पोटरी दुखेपर्यंत चालायचं, चांगलं दुखलं की थांबायचं, ओसरलं की परत, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने. लाजायचं नाही, मोबाइल काढायचा नाही.

सहा आठवड्यांनी एलडीएल ५४. आकडा गाठला म्हणून काकांचा लगेच प्रश्न, "आता अर्धी चालेल?" मी रिपोर्टवरचं १०० पेननी खोडलं, शेजारी लिहिलं 'गोळीवर ५४, गोळीविना १३९, बंद केली की काही आठवड्यांत परत तिथंच', आणि तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावला. काकांनी तो वाचला, चष्मा काढून परत वाचला, आणि म्हणाले, "असं आधी कुणी लिहून दिलं नव्हतं." बरोबर होतं त्यांचं. तीन महिन्यांनी डेअरीचा कोपरा ओलांडून ते पुढच्या चौकापर्यंत न थांबता जायला लागले होते, टेकडीचा चढ अजून जमत नाही.

त्या दिवशी निघताना काकू दारात थांबल्या. त्यांच्या भावाला दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला होता, आता ऍटोर्व्हास्टॅटिन १० चालू, एलडीएल ९६, आणि लॅबनी नॉर्मल लिहिलंय. विचारलं, त्याचंही असंच असेल का?

मी विचारलं, रक्ताची गाठ अडकून झाला होता की रक्तस्राव? त्यांना माहीत नव्हतं. रक्तस्राव असेल तर हिशोब वेगळा होतो, तिथं मी न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय डोसला हात लावत नाही. पण गाठ असेल आणि मानेच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत कोलेस्टेरॉलचा साठा दिसला असेल, तर २०१९ ची एक ट्रायल नेमकी याच प्रश्नावर आहे, एका गटाचं एलडीएल ७० च्या आत आणि दुसऱ्याचं ९० ते ११० मध्ये ठेवलं, तर ७० च्या आतल्यांना पुढचे झटके, हृदयाचे नि मेंदूचे मिळून, कमी आले. ९६ म्हणजे दुसरा गट.

म्हटलं, त्यांचं तेव्हाचं सीटी किंवा एमआरआय आणि मानेची डॉप्लर असेल ती घेऊन गुरुवारी या. आणि गोळीचं पाकीटही आणा, नुसतं नाव नको.